मेआधी एक पिशवी

कॉलेजातल्या रक्तदान शिबिराच्या नावात निकड हवी, पण ती मरणाच्या धास्तीतून नव्हे, तारखेतून यावी. ‘मेआधी एक पिशवी’ हे नाव ते साधते. उन्हाळी सुट्टीत कॉलेजे बंद असतात, शिबिरे रोडावतात; थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, म्हणून एप्रिलअखेर दिलेली पिशवी मे महिन्यात उपयोगी पडते. नावाखाली ‘दहा मिनिटे, मग चहा-बिस्किट’ एवढी ओळ पुरे. रक्ताचे ओघळते थेंब पोस्टरवर नकोत. ‘रक्तवीर’ हे नावही टाळावे: हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली आले की विद्यार्थिनीला परत पाठवले जाते, आणि अशा मुलीला उगाच कमीपणा वाटतो.