पुढची आठवण कधी करायची?

नोकरीच्या अर्जांच्या तक्त्यात कंपनी, पद, टप्पा आणि अर्जाची तारीख सगळेच लिहितात. माझ्या मते खरं काम करतो तो ‘शेवटचा संपर्क’ हा रकाना. आठवण करण्याची तारीख अर्जापासून नव्हे, तर या रकान्यापासून मोजावी. समजा, 3 जूनला अर्ज केला आणि 12 जूनला फोनवर मुलाखत झाली. मग सात दिवसांच्या हिशेबाने विचारणा 19 जूनला करायची. अर्जापासून मोजलं, तर तक्ता 10 जूनपासूनच घाई करत राहील.

गूगल शीट्समध्ये C मध्ये टप्पा आणि E मध्ये शेवटचा संपर्क असेल, तर F मध्ये हे सूत्र लिहा:

```
=IF(OR(C2="नकार",C2="ऑफर"),"",E2+7)
```

नकार किंवा ऑफर आली की तारीख आपोआप पुसली जाते. नव्या अर्जाला E मध्ये अर्जाचीच तारीख टाका. आजच्या आणि उलटलेल्या तारखा लाल दिसाव्यात म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम द्या:

```
=AND($F2<>"",$F2<=TODAY())
```

घोटाळा होतो तो तारखेच्या पद्धतीत. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल, तर 05/06 म्हणजे 6 मे होते आणि 25/06 नुसता मजकूर ठरतो. असा मजकूर रकान्यात डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे. सेटिंग्जमध्ये लोकेल भारत निवडा आणि आधीच्या तारखा पुन्हा तपासा.