नवे हात मिळाले की दुःख संपतं?

11 जानेवारी 2014 रोजी घाटकोपर स्टेशनवर सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. पुढे तिला कृत्रिम हात मिळाले. ऑगस्ट 2020 मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलात तिच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. ही बातमी वाचून अनेकांनी मनात म्हटलं असेल, चला, सुटली पोर.

गैरसमज : हात बसवले की जुनं आयुष्य परत मिळतं.
बॅटरीवरच्या हाताने वस्तू धरता येते, पण चहाचा कप किती गरम आहे हे कळत नाही. अंघोळीला तो काढून ठेवावाच लागतो. प्रत्यारोपित हातात संवेदना यायला नसा पुन्हा वाढाव्या लागतात, आणि त्या दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतात. म्हणजे पंचवीस सेंटिमीटरला आठ-नऊ महिने. शिवाय रोजची फिजिओथेरपी, आणि शरीराने हात नाकारू नयेत म्हणून कायमची औषधं. मनाला प्रत्येक टप्प्यावर पुन्हा सवय करून घ्यावी लागते.

गैरसमज : आधी नकार, मग राग, शेवटी स्वीकार.
हे टप्पे एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले, तेही मृत्यूच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. अपघातानंतरचं दुःख असं रांगेने येत नाही. हॉस्पिटलात ऑपरेशनं असतात, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असते. खरा धक्का बरेचदा घरी बसतो, सलवारीची नाडी समोर येते तेव्हा. त्यामुळे सहाव्या महिन्यात रडू फुटलं तर माणूस मागे गेला असं समजू नये. आणि कुणी फारसं रडलंच नाही, तर तो दुःख दाबतोय असंही नाही. मोठा आघात होऊनही अनेकांना नैराश्याचा आजार होत नाही.

गैरसमज : भरवणं म्हणजेच माया.
सुरुवातीला भरवावं लागतंच. पण ते कायम चालू राहिलं, तर माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताच्या उरलेल्या भागाला पट्टा बांधून त्यात चमचा अडकवतात. ताट उंच काठाचं, खाली न सरकणारी रबरी चटई. पहिले काही दिवस मोकळा भात नको, तो सांडतो. घट्ट वरणभात किंवा खिचडी चमच्यावर टिकते. जेवणाला पाऊण तास लागेल, कपडे खराब होतील. आईचा हात मदतीला धावेल, तो तिने आवरावा आणि आधी विचारावं, "मदत करू का?" एक जेवण जमलं की मगच दुसरं काम हाती घ्यावं. नाडीच्या जागी इलॅस्टिक लावलं की कपड्यांचाही प्रश्न बराचसा सुटतो.

मात्र दोन आठवडे जवळजवळ रोज उदासी असेल, झोप-भूक बिघडली असेल आणि आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा एकदा जरी निघाली, तरी दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या माणसाला एकटं सोडू नये.