जागेला गुण देताना

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प उभा आहे. समजा, याच जिल्ह्यात २० मेगावॉटच्या नव्या प्रकल्पासाठी जागा शोधायची आहे. नकाशावर बसलेला माणूस आधी जिल्ह्याचे ३० मीटर बाजूचे चौकोन पाडतो. अशा चौकोनी नकाशाला रास्टर म्हणतात. ऊन, उतार, उपकेंद्राचं अंतर, रस्त्याचं अंतर, प्रत्येकाचं रास्टर वेगळं. अंश आणि किलोमीटर यांची बेरीज होत नाही, म्हणून प्रत्येक मापाचे आधी १ ते ५ गुण करायचे. उपकेंद्र ३ किलोमीटरवर असेल तर ५, बारा किलोमीटरवर असेल तर २. मग प्रत्येक घटकाला भारांश द्यायचा आणि बेरीज करायची.

खरी चूक होते ती इथेच. ऊन सगळ्यात महत्त्वाचं, असं वाटून त्याला ४० टक्के दिले जातात. उपकेंद्राला ३०, उताराला २०, रस्त्याला १०. याच क्रमाने पहिल्या जागेचे गुण ५, २, ३, ३ आणि दुसरीचे २, ५, ४, ३ असतील, तर पहिलीला ३.५ मिळतात, दुसरीला ३.४. पहिली जिंकली. पण मूळ आकडे पाहा: पहिल्या जागी दर चौरस मीटरला रोज ५.५ युनिट ऊन, दुसऱ्या जागी ५.४. दोन टक्क्यांहून कमी फरक! एका जिल्ह्यात ऊन फारसं बदलत नाही, तरी त्याचे १ ते ५ असे ताणून भाग केले की तो डोंगराएवढा दिसतो. उलट, नऊ किलोमीटर जास्तीची वीजवाहिनी टाकण्याचा खर्च अगदी खरा असतो. म्हणून भारांश ठरवताना घटकाचं महत्त्व पाहून भागत नाही, तो या भागात किती बदलतो हेही पाहावं लागतं. उनाला २० आणि उपकेंद्राला ५० दिले, की पहिली जागा २.९ वर येते आणि दुसरी ४.० वर जाते.

दुसरी काळजी वनजमीन, तलाव आणि गावठाणाची. त्यांना कमी गुण देऊन चालत नाही, कारण चांगलं ऊन आणि जवळचं उपकेंद्र त्यांची भरपाई करून टाकतं. त्यांच्यासाठी शून्य आणि एकचं वेगळं रास्टर करून शेवटी गुणायचं. क्यूजीआयएसमध्ये ते असं लिहितात:

```
("sun@1"*0.2 + "substation@1"*0.5
 + "slope@1"*0.2 + "road@1"*0.1) * "mask@1"
```

भारांश पाच-दहा टक्क्यांनी हलवून पाहावेत. तरीही वर राहणाऱ्या जागाच प्रत्यक्ष पाहायला जाण्याजोग्या. आणि एकटादुकटा हिरवा चौकोन पाहून हुरळू नये. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे साधारण वीस चौकोन. आपल्या प्रकल्पाला असे चारशेच्या आसपास चौकोन एकमेकांना लागून हवेत.