चार आकडे, चौदा झाडं

संगणकातल्या ‘बायनरी सर्च ट्री’चं झाड उलटं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली. नियम एकच: कोणत्याही आकड्याच्या डावीकडे त्याहून लहान, उजवीकडे मोठे. मग १, २, ३, ४ या आकड्यांची वेगवेगळी झाडं किती होतील?

कागदावर काढत बसलं तर एखादं हमखास सुटतं. त्यापेक्षा मुळाशी कोण, एवढंच विचारावं. मुळाशी ३ ठेवला, तर १ आणि २ डावीकडे जाणार आणि ४ उजवीकडे. दोन आकड्यांची झाडं २, एकाचं १. डावीकडचं प्रत्येक झाड उजवीकडच्या प्रत्येकाशी जुळतं, म्हणून गुणाकार: २ × १ = २. इथे बेरीज करणारे फसतात. मुळाशी २ असला तर हेच चित्र आरशातलं, पुन्हा २.

मुळाशी १ आला की डावी बाजू रिकामी आणि उजवीकडे तीन आकडे. तिघांची झाडं याच रीतीने २ + १ + २ म्हणजे ५. रिकाम्या बाजूचा मात्र १ धरायचा, कारण काहीच नसणं हीसुद्धा एक रचना आहे. शून्य धरलं तर गुणाकारात सगळंच बुडतं. मुळाशी ४ असला तरी ५. एकूण ५ + २ + २ + ५ = १४.

चार आकडे झाडात घालण्याचे क्रम मात्र २४ आहेत. २, १, ३ आणि २, ३, १ या दोन्ही क्रमांनी झाड एकच उभं राहतं. दहा आकड्यांची झाडं १६,७९६ होतात. तिथवर जाताना आधीची उत्तरं लिहून ठेवावीत, नाहीतर तीच बेरीज पुन्हापुन्हा करावी लागते.