‘दे’ म्हणजे नेमके कोण?

इंग्रजी वाचनाच्या परीक्षेत एक प्रश्न दिसायला अगदी लहान असतो. उताऱ्यातला एखादा ‘इट’, ‘दे’ किंवा ‘धिस’ ठळक केलेला असतो आणि तो शब्द कशासाठी आला आहे, एवढेच विचारलेले असते. खाली चार पर्याय. परदेशी विद्यापीठांत जाऊ पाहणाऱ्यांसाठी 1964 पासून घेतल्या जाणाऱ्या टोफेल परीक्षेने हा प्रकार भारतातल्या विद्यार्थ्यांच्या चांगला ओळखीचा केला. त्यात एकही अवघड शब्द नसतो, तरी नेमके इथेच हातचे गुण जातात. चारही पर्याय उताऱ्यातूनच उचललेले असल्यामुळे प्रत्येक जण ओळखीचा वाटतो.

एक छोटा उतारा घेऊन पाहू. गोष्ट खरी आहे. 1880च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी तुर्कस्तानातल्या स्मर्नाहून, म्हणजे आजच्या इझमिरहून, अंजिराची झाडे आणून लावली. इंग्रजी उताऱ्यात हे असे येईल : ‘कॅलिफोर्निया ग्रोअर्स प्लांटेड फिग ट्रीज फ्रॉम स्मर्ना. दे ग्रू वेल, बट देअर फ्रूट ड्रॉप्ड बिफोर इट राइपन्ड. धिस पझल्ड देम फॉर इयर्स.’ म्हणजे झाडे जोमाने वाढली, पण फळे पिकण्याआधीच गळून पडत आणि हे कोडे कित्येक वर्षे सुटले नाही.

आता प्रश्न : दुसऱ्या वाक्यातला ‘दे’ कोण? पर्याय असे समजा : बागायतदार, झाडे, फळे, वर्षे. चारही अनेकवचनी आहेत. पेपर काढणारा हे जाणूनबुजून करतो, कारण ‘कॅलिफोर्निया’ असा एकवचनी पर्याय ठेवला तर व्याकरणाच्या जोरावर तो कोणीही खोडेल. घाईत वाचणारा बहुतेक वेळा ‘बागायतदार’ निवडतो. त्यालाही कारण आहे. बागायतदार हा आधीच्या वाक्याचा कर्ता, आणि सर्वनाम वाक्याच्या सुरुवातीला आले की मन आपसूक मागच्या कर्त्याकडे धावते. त्यातून ‘ग्रू’ हे क्रियापदही फसवे. त्याचा अर्थ ‘वाढणे’ होतो तसाच ‘पिकवणे’ही होतो, आणि पिकवणे हे तर बागायतदारांचेच काम.

इथे उपयोगी पडते ती साधी युक्ती : सर्वनाम काढून त्या जागी पर्याय बसवायचा आणि वाक्य शेवटपर्यंत वाचायचे. ‘बागायतदार चांगले पिकवत होते’ इथवर कसेबसे चालते. पण त्याच वाक्यात पुढे ‘देअर फ्रूट’ पिकण्याआधी गळते. फळ गळते ते झाडाचे, म्हणून ‘दे’ म्हणजे झाडे. बहुतेकांची चूक अशी, की पर्याय बसवून बघतात, पण अर्ध्या वाक्यावरच थांबतात. उत्तराचा पुरावा सर्वनामाच्या मागे असतो हे सगळ्यांना माहीत असते. तो पुढेही असतो, हे विसरले जाते.

त्याच वाक्यातला ‘इट’ म्हणजे ‘फ्रूट’, त्यात फारसे काही नाही. खरी मौज तिसऱ्या वाक्यात आहे. तिथला ‘देम’ कोण? नुकतेच ‘दे’ म्हणजे झाडे असे ठरले, म्हणून ‘देम’ही झाडेच, असे धरून चालणारा इथे फसतो. कोड्यात पडतात ती माणसे, म्हणजे ‘देम’ झाले बागायतदार. मोजून पंधरा शब्दांच्या आत एकाच सर्वनामाने मालक बदलला. सर्वनामाचा अर्थ एकदा लावला की तो परिच्छेदभर टिकतो, असा काही करार नसतो.

आणि ‘धिस’? तो या तिघांत सर्वांत चिवट. शाळेत शिकवतात, की सर्वनाम नामाऐवजी येते. मग विद्यार्थी मागे एखादे एकवचनी नाम शोधत जातो आणि त्याला जवळच ‘फ्रूट’ सापडते. पण बागायतदारांना कोड्यात टाकणारे फळ नव्हते, फळाचे अकाली गळणे होते. हा ‘धिस’ एका शब्दाकडे बोट दाखवत नाही. घडलेली सगळी गोष्ट तो गुंडाळून हातात घेतो. म्हणून त्याचे बरोबर उत्तर उताऱ्यातल्या शब्दांत जसेच्या तसे मिळत नाही. ‘फळे पिकण्याआधी गळणे’ असा पर्याय परीक्षकाला नव्याने रचावा लागतो. (अडचण दूर झाली ती 1899 मध्ये. स्मर्नाच्या जातीला रानअंजिराचे पराग लागतात आणि ते आणणारा इवलासा कीटक कॅलिफोर्नियात नव्हताच. तो आणून सोडल्यावर फळे धरली. पुण्याकडच्या अंजिराला ही कटकट नाही, ते परागाविनाच धरते.)

काही ‘इट’ मात्र कशाचेच नसतात. ‘इट इज रेनिंग’ या वाक्यातला ‘इट’ केवळ कर्त्याची रिकामी खुर्ची भरतो. मराठीत ‘पाऊस पडतो आहे’ म्हटले की काम भागते. असा ‘इट’ समोर आला तर त्याचा मालक शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मराठीत विचार करणाऱ्याला या प्रश्नात एक फायदा आहे. मनातल्या मनात वाक्य मराठीत आणले, तर लिंग आपोआप बोलते. बागायतदार ‘ते’ आणि झाडे ‘ती’. ‘ती जोमाने वाढली’ म्हटले की शंकाच उरत नाही. ‘वही टेबलावर ठेवली आणि ती पडली’ हेही तसेच. वहीच पडली, कारण टेबल ‘ते’ आहे. पण वहीऐवजी पुस्तक ठेवले, की पुस्तकही ‘ते’ आणि टेबलही ‘ते’. शिवाय विभक्तीचा प्रत्यय लागला की हा फायदा विरघळतो. ‘त्यांना’ म्हणजे बागायतदारांना, झाडांना की बायकांना, हे तो शब्द सांगत नाही.

दुसऱ्या काही ठिकाणी मराठीकडे इंग्रजीत नसलेली साधने आहेत. ‘रमेशने सुरेशला आपल्या घरी नेले’ म्हटले तर घर रमेशचे. ‘त्याच्या घरी नेले’ म्हटले तर ते सुरेशचे किंवा आणखी कोणाचे. इंग्रजी दोन्हीकडे ‘हिज’वरच भागवते. बोलणे सांगतानाही तसेच. ‘रमेश सुरेशला म्हणाला, की माझे पाकीट हरवले’ हे मराठीत सहज चालते. इंग्रजीत ते अप्रत्यक्ष कथनात गेले की पाकीट ‘हिज’ होते आणि मग ते कोणाचे हरवले याचा पत्ता लागत नाही. प्रश्न नीट काढणारे असे वाक्य टाळतात, कारण दोन पर्याय बरोबर ठरले तर तो प्रश्नच रद्द करावा लागतो.

आणि ‘ते’, ‘ती’ यांचा आजचा घोळ काही अंशी छपाईतला आहे. जुन्या पुस्तकांत एकवचनी नपुंसकलिंगी ‘तें’ आणि पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते’, तसेच स्त्रीलिंगी ‘ती’ आणि नपुंसकलिंगी अनेकवचनी ‘तीं’ वेगळे छापले जात. 1962 च्या लेखननियमांनी उच्चारात न उरलेले हे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या एखाद्या शेतीच्या पुस्तकात ‘तीं वाढलीं’ असे आले, तर झाडेच वाढली हे त्या दोन टिंबांवरूनच कळे.