कल चाचणीचा अहवाल काय सांगतो, काय नाही

1943 साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात जाऊ पाहणाऱ्या तरुणांना सुमारे वीस चाचण्या द्याव्या लागत. उतारा वाचून उत्तरं देणं, अंकगणित, यंत्रांची जाण, तबकड्यांवरचे आकडे झटपट वाचणं, हात आणि पाय यांचा मेळ घालून एक उपकरण हाताळणं, असं बरंच काही त्यांत होतं. या गुणांवरून कोणाला वैमानिक करायचं आणि कोणाला दिशादर्शक, ते ठरे. या कामात चाचण्या खऱ्या उतरल्या. ज्यांचे गुण कमी, ते विमान चालवण्याच्या प्रशिक्षणातून बाहेर पडण्याचं प्रमाण ज्यांचे गुण जास्त त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं.

रॉबर्ट थॉर्नडाइक आणि एलिझाबेथ हेगन या दोन मानसशास्त्रज्ञांनी पुढे या जुन्या कागदपत्रांचा फार मोलाचा उपयोग केला. 1943 मध्ये चाचण्या दिलेल्या सुमारे 17 हजार जणांचा त्यांनी बारा वर्षांनी शोध घेतला आणि त्यांतल्या दहा हजारांहून अधिक जणांची माहिती मिळवली. तोवर कोणी हिशेबनीस झाला होता, कोणी दंतवैद्य, कोणी इंजिनिअर, कोणी सुतार, कोणी विक्रेता. शंभराहून अधिक व्यवसायांत ही माणसं विखुरली होती. 1959 साली हा अभ्यास पुस्तकरूपाने आला. करिअरच्या चाचण्यांविषयी इतकं स्पष्ट उत्तर देणारा दुसरा अभ्यास मला माहीत नाही.

उत्तराचे दोन भाग होते. पहिला असा, की व्यवसायांच्या सरासऱ्या खरोखरच वेगळ्या होत्या. हिशेबाच्या कामात गेलेल्यांचे आकडेमोडीतले गुण सरासरीने वरचे होते, इंजिनिअर झालेल्यांचंही तसंच. म्हणजे तरुणपणी दिलेल्या चाचणीतून कोणाची पावलं कुठल्या दिशेने पडतील, याची थोडी चाहूल लागत होती. मात्र प्रत्येक व्यवसायात गुणांचा पसारा मोठा होता आणि एका व्यवसायातली माणसं दुसऱ्यात सहज मिसळून जात होती.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. एकाच व्यवसायातल्या माणसांमध्ये कोणाची कमाई जास्त, कोणाच्या हाताखाली जास्त लोक, कोण स्वतःला यशस्वी मानतो, कोण कामात समाधानी आहे, यांचा चाचणीच्या गुणांशी संबंध लावून पाहिला, तर हाती जवळपास काहीच लागलं नाही. जे थोडे धागे दिसले, ते निव्वळ योगायोगाने दिसावेत इतकेच होते.

त्याच चाचण्या प्रशिक्षणाबद्दल खरं बोलल्या आणि पुढच्या आयुष्याबद्दल गप्प राहिल्या, हे का झालं? प्रशिक्षण म्हणजे एकच काम, काही महिन्यांचा काळ आणि पास-नापास ही एकच मोजपट्टी. बारा वर्षांच्या नोकरीत वरिष्ठ कसा मिळाला, कंपनी चालली की बुडाली, घरच्या जबाबदाऱ्या काय होत्या, कोणत्या गावात राहिलो, हे सगळं येतं. शिवाय ही सगळी मुलं आधीच एक प्रवेश परीक्षा पार करून आलेली होती, आणि व्यवसायात शिरताना पुन्हा शिक्षणाची चाळणी लागली. चाळणीतून एकसारखे निघालेल्या माणसांत त्याच गुणाने पुन्हा फरक करता येत नाही. आणि हे सगळे पुरुष होते, हेही विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्र राज्य मंडळाने 2016 पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घ्यायला सुरुवात केली आणि ‘कल’ हा शब्द घराघरात गेला. खासगी समुपदेशन केंद्रांत त्याच्या जोडीला अभिक्षमता चाचणी आणि व्यक्तिमत्त्व चाचणीही असते. अकरावीच्या प्रवेशाआधीच्या दिवसांत रंगीत आलेखांचा अहवाल हाती येतो, आणि घरातले सगळे त्यातला सर्वांत उंच खांब शोधतात. नेमकी इथेच चूक होते.

समजा, दहावीच्या एका मुलीच्या अभिक्षमता अहवालात चार आकडे आहेत. भाषिक तर्क 62, संख्यात्मक 73, आकृत्यांची कल्पना 92 आणि यांत्रिक तर्क 18. हे टक्के नव्हेत, शततमक आहेत. 62 याचा अर्थ तिच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण 62 जण तिच्या मागे आहेत. वडील म्हणतात, ‘गणित भाषेपेक्षा चांगलं आहे, सायन्स घे.’ पण शततमकांत एक फसवी गोष्ट असते. मधल्या भागात मुलांची गर्दी असते, त्यामुळे एखाद-दुसरं उत्तर बरोबर आलं तरी माणूस बऱ्याच जणांना ओलांडून जातो. 62 आणि 73 यांच्यातलं अंतर चाळीस प्रश्नांच्या चाचणीत दोन-तीन उत्तरांइतकंच असू शकतं.

त्यात मोजमापाची स्वतःची चूक मिळवा. चांगल्या चाचणीची विश्वसनीयता 0.90 च्या आसपास असते. सरासरी 50 आणि प्रमाण विचलन 10 धरलेल्या मोजपट्टीवर याचा अर्थ असा, की मिळालेला गुण साधारण तीनने इकडेतिकडे होऊ शकतो. या मुलीचा संख्यात्मक गुण 56 आहे आणि तो 53 ते 59 मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे शततमकात 62 ते 82. हा पट्टाही तीनांपैकी दोनच वेळा खरा ठरतो. तिचा भाषिक गुण 53 आहे. दोन गुणांतला फरक खरा मानायचा, तर अशा पट्टीवर तो साधारण नऊचा तरी हवा. इथे तो तीनचा आहे. वडिलांच्या सल्ल्याला या अहवालाचा आधार नाही. पुढच्या आठवड्यात तीच चाचणी पुन्हा घेतली, तर क्रम उलटाही लागेल.

आकृत्यांचा गुण 64 आहे. भाषेपेक्षा तो अकराने वर, म्हणजे हा फरक खरा धरायला हरकत नाही. घन मनात फिरवून पाहणं, नकाशावरून वस्तू डोळ्यांपुढे आणणं तिला जमतं. वास्तुरचना, यंत्ररचना, भूगर्भशास्त्र, शल्यचिकित्सा, कपड्यांची बेतणी, सुतारकाम अशा अनेक कामांत याचा उपयोग होतो. त्यांतलं कुठलं तिचं, हे 64 हा आकडा सांगू शकत नाही. मात्र आपल्या शाळेत या क्षमतेला जवळजवळ गुणच मिळत नाहीत, त्यामुळे ती अहवालात दिसली हे मला फार मोलाचं वाटतं. घरच्यांना ठाऊक नसलेली ताकद दाखवणं, हे अभिक्षमता चाचणीचं सर्वांत चांगलं काम आहे.

यांत्रिक तर्काचा 41 हा गुण तितकाच खरा असेल, पण त्याचं कारण शोधावं लागतं. या चाचणीत कप्प्या, तरफा, दातेरी चक्रं यांची चित्रं असतात. सायकलची चेन कधी बसवली नसेल, पंप उघडलेला पाहिला नसेल, घरातली दुरुस्तीची कामं भावाकडेच जात असतील, तर मुलगी इथे मागे पडते. अभिक्षमतेच्या चाचणीत आजवरचा अनुभवही मोजला जातो. भाषेचंही तसंच आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला चाचणी इंग्रजीतून दिली, तर तर्काच्या जागी इंग्रजीच मोजलं जातं. त्यात तुलना कोणत्या मुलांशी केली, हा प्रश्न येतोच. महानगरांतल्या इंग्रजी शाळांवरून बनवलेली प्रमाणकं जत किंवा मोखाड्याच्या मुलाला लावली, तर आलेला शततमक त्याच्याबद्दल फार थोडं सांगतो.

कल मोजण्याच्या चाचण्यांची जात वेगळी. एडवर्ड स्ट्राँग यांनी 1927 मध्ये केलेल्या प्रश्नावलीची कल्पना साधी होती. एखाद्या व्यवसायात रमलेल्या माणसांच्या आवडीनिवडी कशा असतात ते पाहायचं आणि तरुणाच्या आवडी त्यांच्याशी ताडून बघायच्या. स्ट्राँग यांनी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा त्यांच्या जुन्या आवडी आणि पुढचं काम यांत चांगला मेळ दिसला. पण ती महाविद्यालयीन वयाची मुलं होती. पंधराव्या वर्षीचा कल अजून बसत असतो, अठरा ते बावीसच्या सुमारास तो बराच स्थिर होतो. आणि पाहिलेल्याच गोष्टीची आवड सांगता येते. ज्या मुलाने प्रयोगशाळा पाहिली नाही, त्याने ‘प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का?’ या प्रश्नाला काय म्हणावं? गावात रुबाबाची नोकरी पोलिसाची किंवा फौजीची दिसत असेल, तर गणवेशधारी सेवांकडे कल निघणारच. तो खोटा नाही, पण त्याने पाहिलेल्या जगाएवढाच आहे. कल जुळला म्हणजे कामात समाधान मिळेल, हेही फार मर्यादित अर्थाने खरं आहे. संबंध सापडतो, पण क्षीण, कारण पगार, वरिष्ठ आणि सोबतचे लोक यांचं वजन त्यात मोठं असतं.

व्यक्तिमत्त्व चाचणीवरून करिअर ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सर्वांत लोकप्रिय एमबीटीआय कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी तयार केली. ती माणसांना सोळा प्रकारांत बसवते. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मध्ये कुठेतरी असतात, तरी ही चाचणी मधोमध रेघ मारून त्यांना एका बाजूला ढकलते. म्हणूनच पाच आठवड्यांनी पुन्हा दिली, तर निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदललेला आढळला आहे. नोकरभरतीसाठी ती वापरू नये, असं तिचे प्रकाशकच सांगतात.

पाच गुणवैशिष्ट्यांवर आधारलेली चाचणी शास्त्रीयदृष्ट्या बरीच भक्कम आहे. तिच्यातल्या कर्तव्यदक्षतेचा, म्हणजे हाती घेतलेलं नीट तडीस नेण्याच्या सवयीचा, कामाच्या दर्जाशी संबंध दिसतो. पण तो जवळजवळ सगळ्याच व्यवसायांत दिसतो. जो गुण सगळीकडेच उपयोगी, त्यावरून कुठलं क्षेत्र निवडायचं ते कसं ठरणार?

बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटीचा या सगळ्याशी काही संबंध नाही. तिला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही म्हटलेलं आहे. तिच्यावर पैसे घालवू नका.

अहवाल हातात पडला, की समुपदेशकांना विचारा, तुलना कोणत्या मुलांशी केली आणि ती कोणत्या वर्षीची, विश्वसनीयता किती, दोन गुणांतला किती फरक खरा धरायचा. उत्तर मिळालं नाही, तर तो अहवाल बाजूला ठेवा. उत्तर मिळालं, तर त्यातून एखादं नवं क्षेत्र यादीत घाला, पण केवळ कमी आकड्यामुळे मुलीच्या मनातलं क्षेत्र खोडू नका. सुट्टीत तिला काही दिवस एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात, एखाद्या वर्कशॉपमध्ये, ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि प्रवेशाचा अर्ज त्यानंतर भरा.