बॅटरीचा आकडा, ईदचा प्रवास आणि विजेचे बिल

गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अंधेरीहून महाडला निघालो. गाडी नवी, विजेवर चालणारी. आम्ही दोघे, दोन मुले, मागे अम्मी आणि डिकीत गच्च भरलेले सामान. अंतर सुमारे 170 किलोमीटर. गाडीच्या कागदावर पल्ला तीनशेच्या पुढे लिहिलेला होता, म्हणून वाटेत चार्जिंगचा विचारच केला नव्हता. वडखळच्या आसपास वाहने खोळंबली होती. पुढे रस्ता मोकळा झाला तशी आम्ही गाडी जरा दामटली. माणगाव जवळ आले आणि मुलगा म्हणाला, "अब्बू, वीसच टक्के उरलेत." अम्मींनी तसबीह थांबवून विचारले, "वीस टक्के म्हणजे किती कोस?" या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

माणगावात चार्जर मिळाला. पुढे दोन गाड्या होत्या, तेव्हा दीड तास गेला आणि महाडचे दुपारचे जेवण संध्याकाळी झाले. गाडीत काहीच बिघाड नव्हता. बिघाड आमच्या हिशेबात होता. त्या दिवसापासून आम्ही एक आकडा नीट वाचायला शिकलो. तो म्हणजे बॅटरीवर लिहिलेला किलोवॉट-तासाचा, ज्याला माहितीपत्रकात केडब्ल्यूएच म्हणतात.

हा शब्द परका वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. घरच्या विजेच्या बिलावर जे युनिट लिहून येते, तेच एक किलोवॉट-तास. हजार वॉटची इस्त्री सलग एक तास तापवली की एक युनिट जळते. तेव्हा 30 किलोवॉट-तासाची बॅटरी म्हणजे 30 युनिट वीज मावेल एवढी टाकी. शेजारीच नुसता किलोवॉटचा आकडाही छापलेला असतो. तो मोटरचा जोर किंवा चार्जरचा वेग सांगतो, साठा नाही. खरेदी करताना या दोहोंची गल्लत हमखास होते.

टाकी किती लिटरची हे कळले म्हणून पेट्रोलची गाडी किती पळेल हे कळत नाही, लिटरला किती जाते हेही कळावे लागते. इथेही तसेच. पल्ला काढायचा तर टाकीतल्या युनिटांना "एका युनिटात किती किलोमीटर" या आकड्याने गुणावे लागते. हा दुसरा आकडा बॅटरीवर छापलेला नसतो, आणि सगळी फसगत तिथेच होते.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. टाटांची नेक्सॉन ईव्ही 2020 साली बाजारात आली, ती पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होत असे. 2023च्या आवृत्तीत 30 युनिटांच्या बॅटरीला 325 किलोमीटरचा पल्ला सांगितला गेला. म्हणजे युनिटला जवळजवळ 11 किलोमीटर. पुढे चाचणीत शहराच्या भागासोबत जास्त वेगाचा भागही धरला गेला आणि त्याच बॅटरीचा आकडा 275 झाला, युनिटला 9 किलोमीटरच्या आसपास. त्यानंतर कंपनीनेच बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा पल्लाही जाहीर केला, तो 210 ते 230. युनिटला 7 किलोमीटरच्या थोडे वर. बॅटरी तीच, युनिटे तीच. बदलली ती मोजण्याची रीत.

यात कोणी खोटे बोलले असे नाही. सरकारमान्य चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. वेग आधीच ठरलेला असतो, तो ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही, आणि एसी बंद असतो. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजाव्यात यासाठी ती उपयोगी आहे. मात्र मे महिन्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अडकलेली गाडी त्या मापात बसत नाही.

आमच्या प्रवासात युनिट कुठे गेले ते आता सांगता येते. रखडलेल्या गाडीची मोटर फारशी वीज खात नाही, पण एसी चालूच असतो. उन्हाळ्यात तो तासाला एक ते दीड युनिट घेतो. म्हणजे एक तास खोळंबलो की सात ते दहा किलोमीटरचा पल्ला बसल्या जागी गेला. दुसरे कारण वेग. वेग वाढतो त्याहून जास्त प्रमाणात हवेचा अडथळा वाढतो. म्हणून विजेची गाडी शहरातल्या मध्यम चालीत काटकसरी आणि महामार्गावर खर्चिक असते, पेट्रोलच्या गाडीच्या नेमके उलटे. पाच माणसे आणि सामान धरून आम्हाला त्या दिवशी युनिटला 6 किलोमीटर मिळाले. माणगावपर्यंतच्या सुमारे 145 किलोमीटरला 24 युनिटे लागली, म्हणजे तीसातली ऐंशी टक्के. अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर असे होते: वीस टक्के म्हणजे 6 युनिटे, म्हणजे फार तर 36 किलोमीटर. महाड 27 किलोमीटरवर होते. पोहोचलो असतो कदाचित, पण एवढ्या काठावर लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नये.

आपल्या गाडीचा आकडा घरीच काढता येतो. नेहमीच्या रस्त्याने 50 किलोमीटर चालवा आणि किती टक्के उतरले ते पाहा. समजा 24 टक्के उतरले. तीसाचे 24 टक्के म्हणजे 7.2 युनिटे. पन्नासला 7.2ने भागले की युनिटला सुमारे 7 किलोमीटर. मग पूर्ण तीस न धरता शेवटचे पंधरा टक्के राखून ठेवा. उरलेल्या साडेपंचवीस युनिटांत 178 किलोमीटर होतात. बॅटरी जुनी होते तशी टाकीही आकसते. काही वर्षांनी तिची ऐंशी टक्के क्षमता उरली तर तीसाची चोवीस युनिटे होतील, आणि पल्लाही त्याच प्रमाणात घटेल.

आता खर्चाकडे येऊ. आमचा धाकटा भाऊ अंधेरीला राहतो आणि कामाला रोज मुलुंडला जातो. जाऊन येऊन 40 किलोमीटर. तो गाडी घ्यायचे ठरवून आला आणि म्हणाला, "भाईजान, 30 युनिटांना तीनशे रुपये, गाडी धावते सव्वातीनशे किलोमीटर. रुपयापेक्षाही कमी पडते." आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

महिन्याला 25 दिवस, म्हणजे 1000 किलोमीटर. युनिटला 7 प्रमाणे बॅटरीतून 143 युनिटे खर्च होतील. पण मीटर तेवढ्यावर थांबत नाही. घरची वीज बॅटरीत भरताना काही भाग उष्णता होऊन जातो. ती घट साधारण दहा ते पंधरा टक्के असते. बारा टक्के धरली तर मीटरवर 160 युनिटे चढतील.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो: शंभरपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा आणि त्यापुढे चौथा. भावाच्या घरी पंखे, फ्रिज, एसी मिळून 280 युनिटे आधीच होतात. गाडीची युनिटे त्यांच्यावर रचली जातात. म्हणजे गाडीला सरासरी दर लागत नाही, वरच्या टप्प्याचा लागतो. समजा सगळे आकार आणि वीज शुल्क धरून दुसऱ्या टप्प्याचे युनिट 10 रुपयांना आणि तिसऱ्याचे 13 रुपयांना पडते. गाडीची पहिली 20 युनिटे दुसऱ्या टप्प्यात, त्यांचे 200 रुपये. उरलेली 140 तिसऱ्यात, त्यांचे 1820. एकूण 2020 रुपये, किलोमीटरला दोन रुपये. भावाने धरले होते त्याच्या दुप्पट.

तरीही सौदा वाईट नाही. लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला 104 रुपये दराने तेवढ्याच अंतरासाठी सुमारे 6900 रुपये लागतात. पण बाहेरच्या जलद चार्जरवर युनिट करासह 22 रुपयांना पडले, तर तोच महिना 3300 रुपयांना जातो. म्हणून सोसायटीत आपल्या जागेवर आपल्याच मीटरवरून तार ओढता येईल का, हे गाडी पाहण्याआधी विचारावे.

इथे धरलेले दर उदाहरणापुरते आहेत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला बिल अदानीचे किंवा टाटा पॉवरचे येते, मुलुंडला महावितरणचे, आणि दर सारखे नसतात. स्वतःचे बिल उलटून टप्प्यांचा तक्ता पाहावा आणि आपण कोणत्या टप्प्यात उभे आहोत ते शोधावे. उन्हाळ्यात घरचा एसी जास्त चालला तर गाडीची काही युनिटे चौथ्या टप्प्यातही जातील.

स्कूटरलाही हेच गणित. तीन युनिटांची बॅटरी, युनिटला तीसेक किलोमीटर, म्हणजे नव्वदच्या आसपास पल्ला. भरायला मीटरवर साडेतीन युनिटे. तेरा रुपये दरानेही पंचेचाळीसेक रुपये.

भाऊ 45 युनिटांची गाडी घ्यायच्या बेतात होता, मोठी बॅटरी म्हणजे स्वस्त प्रवास असे समजून. त्याला रोज लागतात सहापेक्षाही कमी युनिटे. मोठ्या टाकीने दर किलोमीटरचा खर्च कमी होत नाही, फक्त न थांबता जास्त लांब जाता येते, आणि गाडीची किंमत नि हप्ता वाढतो. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी एवढे कर्ज घ्यायचे का, हा प्रश्न त्याने घरी नेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "भाईजान, तीसचीच घेतो."

आम्हीही पुन्हा महाडला जाऊन आलो. यावेळी माणगावचा थांबा आधीच ठरवला होता, जेवणाचा डबा सोबत होता. गाडी चार्ज होईतो आमचे जेवण झाले. अम्मींनी निघतानाच विचारले होते, "किती युनिटे भरलीत?" टक्के त्यांनी विचारले नाहीत.